भावंडांचे वाटणीपत्र, त्याची नोंदणी आणि मिळकत पत्रिकेवरील फेरफार : पार्श्वभूमी

दस्तनोंदणीचा पहिला देशव्यापी कायदा 1864 चा, आज लागू असलेला 1908 चा, आणि मुंबई इलाख्यात जमिनीच्या हक्कनोंदीचा स्वतंत्र कायदा 1903 मध्ये झाला. म्हणजे दस्त नोंदवणे आणि महसुली दफ्तरी नाव लावणे या दोन गोष्टी पहिल्यापासूनच वेगळ्या कायद्यांतून, वेगळ्या कचेऱ्यांतून चालत आल्या आहेत. मुंबईतील वडिलोपार्जित मिळकतींचे बरेचसे घोटाळे याच फटीत सापडतात. दुय्यम निबंधकाकडून दस्त नोंदवून आणला की काम संपले असे कुटुंबाला वाटते, आणि मिळकत पत्रिकेवर, म्हणजे शहरी जमिनीच्या सरकारी हक्कनोंदीवर, मात्र पन्नास वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांचे नाव तसेच राहते.

1908 च्या कायद्याच्या कलम 17 नुसार शंभर रुपये किंवा त्याहून अधिक मूल्याच्या स्थावरात हक्क निर्माण करणारा किंवा संपवणारा दस्त नोंदवावाच लागतो. तो नोंदवला नाही, तर कलम 49 प्रमाणे त्या व्यवहाराचा पुरावा म्हणून तो न्यायालयात चालत नाही. यातून सुटण्याची वाट म्हणजे घरगुती ‘यादी’. हिंदू कुटुंबात वाटणी तोंडी होऊ शकते, हे न्यायालयांनी सुरुवातीपासून मान्य केले होते, आणि आधी झालेल्या तोंडी व्यवस्थेची केवळ आठवण म्हणून लिहिलेल्या कागदाला नोंदणी लागत नाही, हे 1976 च्या एका निकालाने पक्के केले. तेव्हापासून कागदातील क्रियापदाच्या काळाला विलक्षण महत्त्व आले. ‘आम्ही या लेखाने वाटून घेत आहोत’ असे लिहिले की तो वाटणीपत्र ठरतो आणि नोंदणी सक्तीची होते. ‘मागेच वाटून घेतले असून त्याची ही यादी’ असे लिहिले की तो नोंदणीतून सुटतो. वाटणी आणि यादी एकाच संध्याकाळी, एकाच टेबलावर झाली असली तरी यादीत ती ‘मागील अक्षय्य तृतीयेस’ झाल्याचे लिहिण्याची पद्धत यामुळेच रुळली. यादी नोंदणीतून सुटली तरी मुद्रांकातून सुटत नाही, हे मात्र फार थोड्यांना सांगितले जाते. राज्याच्या 1958 च्या मुद्रांक कायद्यातील व्याख्येनुसार तोंडी वाटणीच्या अटी नमूद करणारा, सहमालकांच्या सह्यांचा कागदही वाटणीचाच दस्त धरला जातो.

या यादीला खरा धक्का बसला तो 2005 मध्ये. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलग्यांसारखाच जन्मतः वाटा, म्हणजे सहदायिक हक्क, देणारी हिंदू वारसा कायद्यातील केंद्रीय दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 पासून अमलात आली. महाराष्ट्राने तसा कायदा 1994 मध्येच केला होता, परंतु 22 जून 1994 पूर्वी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. केंद्रीय दुरुस्तीने ही अट ठेवली नाही. मात्र, विधेयक संसदेत मांडले गेले त्या 20 डिसेंबर 2004 पूर्वी झालेल्या वाटण्यांना तिने संरक्षण दिले आणि ते देताना वाटणी म्हणजे नोंदणीकृत वाटणीपत्राने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी, असे स्पष्टीकरण जोडले. शतकभर वैध मानलेली तोंडी वाटणी निदान या प्रश्नापुरती संशयित ठरली. हे अन्यायकारक असल्याचा युक्तिवाद अनेक वर्षे चालला आणि त्यात तथ्य अजिबात नव्हते असे नाही. तरीही बहिणींना डावलण्यासाठी मागील तारखेची यादी तयार करणे किती सोपे होते, हे पाहता दुसरा उपाय दिसत नाही. मुलीला हा हक्क मिळण्यासाठी वडील 2005 मध्ये हयात असावेत, ही आधीच्या निकालातून आलेली अट सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट 2020 च्या निकालाने दूर केली, आणि तोंडी वाटणी केवळ अपवाद म्हणून, तीही सार्वजनिक कागदपत्रांचा आधार असेल तरच मान्य होईल, असे सांगितले.

याचा परिणाम एका उदाहरणात पाहता येईल. अंधेरीकडील एका गावठाणात आजोबांपासून चालत आलेले घर आणि भोवतालची जागा आहे असे समजू. आई आधीच वारली, वडील 1997 मध्ये गेले. मागे दोन भाऊ आणि 1994 पूर्वीच लग्न झालेल्या दोन बहिणी. भावांनी 1998 मध्ये साध्या कागदावर यादी करून तळमजला थोरल्याने, माडी धाकट्याने अशी वाटणी केली. त्या वेळच्या कायद्याप्रमाणेही बहिणी रिकाम्या हाती राहत नव्हत्या. मृत्यूच्या आदल्या क्षणी वडील आणि दोन मुलगे यांच्यात वाटणी झाली असे कल्पून वडिलांच्या वाट्याला एक तृतीयांश येई आणि तो चार मुलांत विभागला की प्रत्येक बहिणीला एक बारांश आणि प्रत्येक भावाला पाच बारांश मिळे. यादी संरक्षणात बसली नाही, तर मात्र मिळकत 2005 मध्ये अविभक्तच होती असे धरले जाते आणि चौघांचा वाटा सारखा, एक चतुर्थांश होतो. भावांनी 1998 मध्येच त्या वाटणीचा अर्ज नगर भूमापन कार्यालयात देऊन पत्रिकेवर नावे चढवली असती, तर निदान दाखवण्यासारखा एक सार्वजनिक कागद त्यांच्याकडे असता. दोघांच्या नावे आलेली वेगवेगळी वीजबिले हे काम करत नाहीत.

आता चौघांनी मिळून नवे वाटणीपत्र करायचे ठरवले, तर खर्चाचे गणित असे होते. रेडी रेकनरने, म्हणजे सरकारी मूल्यदर तक्त्याने, मिळकतीचे मूल्य 4 कोटी आले आणि वाटे समान असले, तर सर्वांत मोठा, म्हणजे येथे चारपैकी कोणताही एक, वाटा शुल्कातून वगळला जातो. उरलेल्या 3 कोटींवर 2 टक्क्यांनी 6 लाख रुपये मुद्रांक शुल्क आणि कमाल 30,000 रुपये नोंदणी फी लागते. बहिणींनी विनामोबदला हक्कसोडपत्र दिले तर वडिलोपार्जित मिळकतीवर शुल्क नाममात्र असते. म्हणून मुंबईत वाटणीपत्रापेक्षा हक्कसोडच अधिक दिसते, आणि तिथे बचत कोणाची व त्याग कोणाचा हे वेगळे सांगायला नको. दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणीस सादर करावा लागतो.

नोंदणीनंतरचा फेरफार हा स्वतंत्र अर्ज आहे. पत्रिकेवर अजून आजोबा असतील तर थेट वाटणीची नोंद होत नाही. आधी आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून चौघांकडे वारस नोंद व्हावी लागते, आणि मग नोंदणीकृत दस्ताची प्रत व सूची क्रमांक दोन, म्हणजे निबंधक कार्यालयाचा दस्ताच्या तपशिलाचा उतारा, जोडून वाटणीचा फेरफार मागता येतो. नोटीस निघते, हरकती ऐकल्या जातात, मगच नोंद प्रमाणित होते. दस्तातील नगर भूमापन क्रमांक किंवा क्षेत्रफळ पत्रिकेशी जुळत नसेल, तर प्रकरण येथेच अडकते आणि चौघांच्या सह्यांचे चूकदुरुस्तीपत्र नोंदवून आणावे लागते. त्यामुळे दस्ताचा मसुदा ताजी पत्रिका समोर ठेवूनच करावा.

फेरफाराने मालकी निर्माण होत नाही, ती दस्ताने किंवा वारसाहक्काने येते, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. पालिकेच्या मालमत्ता कराच्या बिलावरील नावाची किंमत तर त्याहून कमी आहे. शिवाय पत्रिका जमिनीची असते, मजल्यांची नव्हे. त्यामुळे तळमजला एकाचा, माडी दुसऱ्याची अशी वाटणी झाली तरी पत्रिकेवर चौघांची नावे एकत्रच, फार तर हिश्श्यांसह येतात. वेगळी पत्रिका हवी असेल तर मोजणी आणि भूखंडाच्या पोटविभाजनाची मंजुरी लागते, आणि गावठाणातील चिंचोळ्या जागेला ती सहसा मिळत नाही. तेथे वाटणी फक्त दस्तात राहते, आणि पुनर्विकासाच्या करारावर पुन्हा चौघांच्याच सह्या घ्याव्या लागतात.