चॅटमधला इशारा आणि रिस्क रजिस्टरमधली नोंद

चॅटवरचा इशारा उचलायचा, त्यातलं 'अरे' नि 'बघा हं' गाळायचं, शेवटी 'होण्याची शक्यता आहे' जोडायचं आणि रजिस्टरमध्ये चिकटवायचं, ही पद्धत आता बंद व्हायला हवी. भाषा औपचारिक करणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे.

खरा घोळ होतो तो कारण आणि जोखीम यांच्यात. हा मेसेज घ्या: "गेटवेवाल्यांनी सँडबॉक्स अजून दिलेला नाही, रिलीज लटकणार." बहुतेक जण लिहितात, 'जोखीम: सँडबॉक्स मिळालेला नाही.' पण ते तर आज खरंच आहे. त्याला शक्यता कसली लावणार? ते कारण झालं. 'रिलीज लटकणार' हा परिणाम. या दोघांच्या मधली घटना, जी घडेल किंवा घडणारही नाही, ती मेसेजमध्ये नसते. ती शोधणं हेच नोंद लिहिणाऱ्याचं काम. इथे ती आहे, इंटिग्रेशन टेस्टिंग ठरल्याप्रमाणे 12 तारखेला सुरू न होणं.

मग प्लॅन उघडायचा. टेस्टिंगला सलग 10 दिवस लागतात, म्हणजे ते 21 ला संपेल. रिलीज 25 ला आहे. मध्ये 3 दिवस मोकळे आहेत, तेव्हा तीन दिवसांपर्यंतच्या उशिराने रिलीज हलत नाही. नोंद अशी होते:

कारण: सँडबॉक्सचा अ‍ॅक्सेस मिळालेला नाही, गेटवेने तारीखही कळवलेली नाही.
जोखीम: इंटिग्रेशन टेस्टिंग 12 तारखेला सुरू होणार नाही.
परिणाम: 3 दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला, तर पुढच्या प्रत्येक दिवसामागे रिलीज एक दिवस पुढे जाईल.
उपाय: इंटिग्रेशन लीडने आजच गेटवेकडून लेखी तारीख घ्यावी. 8 तारखेपर्यंत अ‍ॅक्सेस आला नाही, तर मॉक सर्व्हरवर टेस्टिंगची तयारी सुरू करावी.

उपायातलं पहिलं वाक्य कारणावर काम करतं, दुसरं परिणामावर. कारण आणि जोखीम एकाच ओळीत कोंबली की हा फरक दिसत नाही, आणि मग उपायाच्या रकान्यात येतं 'लक्ष ठेवणे'. मला हा शब्दप्रयोग अजिबात चालत नाही. कोणी, कधीपर्यंत, काय करायचं हे नसेल तर तो रकाना रिकामा समजावा. मॉक सर्व्हरची मर्यादाही मान्य करा: खऱ्या गेटवेचे टाइमआउट आणि एरर त्यावर हुबेहूब कळत नाहीत. जोखीम कमी होते, संपत नाही, त्यामुळे नोंद बंद करू नका.

'लटकणार' वाचून शक्यतेच्या रकान्यात स्वतःच्या मनाने 'उच्च' लिहू नका. तो मेसेज टाकणाऱ्याचा वैताग असू शकतो. गेटवेशी शेवटचं बोलणं कधी झालं, त्यांनी काय सांगितलं, हे त्याला विचारा आणि मग आकडा किंवा श्रेणी भरा. आणि 12 तारीख अ‍ॅक्सेसविना उलटली, तर ती जोखीम राहिली नाही. नोंद इश्यू लॉगमध्ये हलवा.