भरलेली बॅटरी आणि सक्षम बॅटरी

मोटारीच्या बॅटरीला मल्टिमीटर लावला, १२.६ व्होल्ट दिसले आणि तरीही सेल्फ मारताच इंजिन कुरकुरत बंद पडले, असे पुष्कळदा घडते. मीटर खोटे सांगत नसतो. स्थिर अवस्थेतले व्होल्टेज बॅटरी किती भरली आहे हे सांगते. ती भरलेली ऊर्जा मोठ्या प्रवाहाच्या रूपाने बाहेर देण्याची क्षमता तिच्यात उरली आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. म्हणून हीच मोजणी दोनदा करावी लागते.

पहिली मोजणी गाडी काही तास उभी राहिल्यानंतर, शक्यतो सकाळी पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी करावी. नुकत्याच चाललेल्या गाडीत प्लेटांच्या पृष्ठभागाजवळचे रसायन आतल्या भागापेक्षा अधिक भारित असते आणि त्यामुळे आकडा फसवा, १३ व्होल्टच्या आसपास येऊ शकतो. थांबायला वेळ नसेल तर हेडलाइट दोन-तीन मिनिटे लावून बंद करावे आणि थोड्या वेळाने मोजावे. काळी तार COM च्या आणि लाल तार V च्या छिद्रात घालून चकती डीसी २० व्होल्टवर न्यावी. लाल तार अँपियरच्या छिद्रात मात्र कधीही ठेवू नये, कारण तशा स्थितीत मीटर बॅटरीच्या दोन टोकांमध्ये जवळजवळ शॉर्ट सर्किट करतो. साध्या लेड-ॲसिड बॅटरीत सहा सेल असतात. ती पूर्ण भरली असेल तर सुमारे १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसतात, १२.२ म्हणजे अदमासे निम्मी भरलेली आणि १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी समजावी. आकडा १२.४ पेक्षा कमी असेल तर आधी चार्ज करावे, कारण अर्धवट भरलेली चांगली बॅटरीही पुढच्या परीक्षेत नापास होऊ शकते.

दुसऱ्या मोजणीसाठी गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून ठेवावी, प्रोब बॅटरीच्या खांबांवर घट्ट धरावेत आणि सोबतच्या माणसाला सेल्फ मारायला सांगावे. त्या क्षणी स्टार्टर शेकडो अँपियरपर्यंत प्रवाह ओढू शकतो आणि बॅटरीच्या आतल्या रोधामुळे तिचे व्होल्टेज खाली येते. समजा, स्थिर व्होल्टेज १२.६ आहे आणि स्टार्टर १५० अँपियर घेत आहे. चांगल्या बॅटरीचे व्होल्टेज १०.८ पर्यंत उतरेल, म्हणजे १.८ व्होल्टची घट आणि अंतर्गत रोध ०.०१२ ओहम. दुसऱ्या बॅटरीचे स्थिर व्होल्टेज तेच असूनही सेल्फ मारताना ते ८.८ वर गेले, तर घट ३.८ व्होल्टची आणि रोध ०.०२५ ओहम, म्हणजे दुप्पट. हा रोध स्थिर मोजणीत दिसत नाही, कारण डिजिटल मीटर स्वतः बॅटरीतून मायक्रोअँपियरइतकाच प्रवाह घेतो आणि त्या प्रवाहावर इतक्या रोधामुळे होणारी घट शून्यवतच असते. प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक साचल्याने किंवा प्लेटांवरचे सक्रिय द्रव्य झडून गेल्याने रोध असा वाढतो.

साधारण हवामानात सेल्फ मारताना व्होल्टेज १० च्या वर राहिले तर बॅटरी बरी आहे असे समजण्यास हरकत नाही, ९.६ च्या खाली ते टिकून राहिले तर संशय घ्यावा. कडाक्याच्या थंडीत रासायनिक क्रिया मंदावते आणि घट्ट झालेल्या तेलामुळे इंजिन फिरवणेही जड जाते, त्यामुळे तेव्हा थोडा कमी आकडा चालतो. साधा मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलत असल्याने स्टार्टर फिरू लागतानाचा सर्वांत खोल उतार त्याच्या नजरेतून निसटतो. मीटरवर MIN हे बटण असेल तर ते वापरावे, पण तेही त्या मीटरच्या वेगापलीकडचे पकडू शकत नाही. नसेल तर सलग फिरण्याच्या काळात आकडा कुठे स्थिरावतो ते पाहावे.

बॅटरी बदलण्याचा निर्णय घेण्याआधी आणखी एक मोजणी करावी. ती टाळली जाते, याचे मला वाईट वाटते. प्रोब बॅटरीच्या शिशाच्या खांबाऐवजी त्यावर बसवलेल्या क्लॅम्पवर ठेवून पुन्हा सेल्फ मारावा. खांबांवर १०.७ आणि क्लॅम्पवर ९.१ आले, तर १.६ व्होल्ट खांब आणि क्लॅम्प यांच्यातल्या सांध्यांत हरवले आहेत. म्हणजे बॅटरी ठीक आहे आणि दोष गंजाचा किंवा ढिल्या नटाचा आहे. कोणत्या बाजूचा हे शोधण्यासाठी एक प्रोब खांबावर, दुसरा त्याच बाजूच्या क्लॅम्पवर ठेवून सेल्फ मारावा; निर्दोष सांध्यावर व्होल्टचा एखादा दशांश किंवा त्याहूनही कमी दिसतो. सांधा साफ करताना ऋण बाजूचा क्लॅम्प आधी काढावा आणि शेवटी बसवावा, म्हणजे पान्हा गाडीच्या धातूला लागला तरी ठिणगी उडत नाही. मग तेच आकडे पुन्हा घ्यावेत: खांब आणि क्लॅम्प जवळजवळ सारखे आले, तर बॅटरी तशीच ठेवावी.