खर्चाच्या खोट्या बिलांचा संशय : फॉरेन्सिक ऑडिटसाठी अर्ज, कागदपत्रं आणि पुढची प्रक्रिया

कर्मचाऱ्याने कामासाठी स्वतःच्या खिशातून केलेला खर्च संस्था बिलं पाहून परत देते. या बिलांत लबाडी झाल्याचा संशय आला की बहुतेक ठिकाणी पहिली चूक एकच होते: संबंधित माणसाला बोलावून "हे काय आहे?" असं विचारलं जातं. तेवढ्यात ईमेल पुसले जातात, कागदी पावत्या गहाळ होतात आणि बिल देणाऱ्यालाही फोन जातो. पुरावा आधी आणि बोलणं शेवटी, हा क्रम मोडला तर पुढचं बहुतेक काम वाया जातं.

अर्ज कोण करू शकतं

तक्रार कोणीही करू शकतं, निनावीसुद्धा. फॉरेन्सिक ऑडिट, म्हणजे पुरावा म्हणून टिकेल अशी हिशेबाची तपासणी, सुरू करण्याची लेखी विनंती मात्र वित्त विभाग, मनुष्यबळ विभाग किंवा अंतर्गत लेखापरीक्षण प्रमुखांकडून जावी, आणि मंजुरी लेखापरीक्षण समितीने किंवा तिच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने द्यावी. ज्याने ती बिलं मंजूर केली, तो या साखळीत कुठेही नको. ऑडिटरलाही हाच निकष लागतो: संशयिताशी नातं नको, त्याच्या विभागाशी हिशेबाचा संबंध नको.

"तो माणूस बरा वाटत नाही" एवढ्यावर अर्ज मंजूर होत नाही. तपासता येईल असा ठोस मुद्दा लागतो, म्हणजे तारीख, रक्कम, पावती किंवा प्रवास. निनावी पत्रात असा एकही तपशील नसेल तर आधी संस्थेच्या स्वतःच्या नोंदींत आधार शोधावा.

सोबत काय जोडायचं

मूळ तक्रार जशी आली तशी, तिच्यावर काही न लिहिता. संशयित काळातल्या खर्चाच्या दाव्यांची यादी आणि मंजुरीचे अधिकार कोणाकडे होते त्याचा तक्ता. संस्थेच्या संगणकावरची माहिती तपासण्याचा अधिकार देणारं धोरण. आणि सगळ्यांत जास्त विसरलं जाणारं कागदपत्र: खर्चाच्या नियमांची *त्या वेळी* लागू असलेली प्रत, शिवाय कर्मचाऱ्याने ती वाचल्याची सही. आजचे नियम लावून गेल्या वर्षीचा दावा खोटा ठरवता येत नाही.

पुरावा जपणं

मंजुरी मिळाली की त्याच दिवशी माहिती तंत्रज्ञान विभागाला लेखी सूचना जाते: या व्यक्तीचे ईमेल, खर्चाच्या प्रणालीतल्या नोंदी आणि प्रवेशद्वारावरच्या कार्डाच्या नोंदी आपोआप पुसल्या जाण्यापासून थांबवा. अनेक प्रणाली जुन्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर काढून टाकतात, त्यामुळे इथे विलंब महागात पडतो.

लॅपटॉप ताब्यात आला तर तो उघडून पाहण्याचा मोह टाळा. नुसता चालू केला तरी कित्येक फायलींच्या वेळा बदलतात. प्रशिक्षित माणूस डिस्कवर काहीही लिहिलं जाऊ न देणारा राइट ब्लॉकर लावून तिची हुबेहूब प्रत घेतो आणि त्या प्रतीचा SHA-256 हॅश, म्हणजे तिच्यातल्या माहितीवरून काढलेला ठशासारखा आकडा, नोंदवतो. पुढे कधीही तोच हॅश निघाला, तर प्रतीत एका अक्षराचाही फरक पडला नाही हे सिद्ध होतं. काम प्रतीवर करायचं, मूळ वस्तू सीलबंद ठेवायची. ती कोणी, कधी, कोणाकडून घेतली याची सलग नोंद ठेवायची. कागदी पावत्यांनाही हेच लागू आहे. त्यांना स्टेपल लावू नये, त्यांच्यावर खुणाही करू नयेत.

कर्मचाऱ्याच्या खाजगी फोनला त्याच्या संमतीशिवाय किंवा कायदेशीर आदेशाशिवाय हात लावायचा नाही.

आकडे काय सांगतात : एक उदाहरण

समजा, एका विक्री प्रतिनिधीच्या दाव्यांत टॅक्सीच्या ४६ पावत्या आहेत. ५०० च्या पुढची रक्कम असेल तर वरिष्ठांची वेगळी मंजुरी लागते. त्याची जवळजवळ सगळी बिलं ४७० ते ४९५ च्या दरम्यान आहेत. मर्यादेच्या अगदी खाली झालेली ही गर्दी शंका घेण्याजोगी आहे, पण एवढ्याने काही सिद्ध होत नाही. ठरलेल्या मार्गाचं भाडं दर वेळी तेवढंच येऊ शकतं.

आधी दुहेरी दावे बघावेत. एक्सेलमध्ये B स्तंभात तारीख आणि C मध्ये रक्कम असेल तर दुसऱ्या ओळीपासून खालपर्यंत हे साधं सूत्र पुरतं:

```
=COUNTIFS(B:B,B2,C:C,C2)
```

उत्तर १ पेक्षा मोठं आलं की त्या पावत्या काढून बघायच्या. सूत्राला फक्त तंतोतंत जुळणी कळते. एकच खर्च एकदा कंपनीच्या कार्डावर आणि एकदा रोख दाव्यात, दोन दिवसांच्या फरकाने दाखवला असेल तर तो सुटतो. म्हणून कार्डाचं विवरणपत्र वेगळं ताडून पाहावं लागतं.

आमच्या उदाहरणात दुहेरी दावा सापडत नाही. मग पावत्यांचे क्रमांक लावून बघितले जातात, आणि इथे गाठ सुटते. ४६ पैकी ३१ पावत्या एकाच पावतीपुस्तकातल्या आहेत. क्रमांक जवळजवळ सलग आहेत, तारखा मात्र चार महिन्यांवर पसरलेल्या. एवढ्या काळात त्या चालकाला दुसरा गिऱ्हाईकच मिळाला नाही, हे पटत नाही. त्याहून बोलका तपशील असा की पुढच्या क्रमांकाच्या काही पावत्यांवर आधीच्या तारखा आहेत. कोरं पुस्तक हाती आलं आणि सवडीने भरलं गेलं, हे त्याचं सर्वांत सरळ स्पष्टीकरण.

आता बाहेरचा पुरावा. या ३१ पैकी ९ दिवशी प्रवेशकार्डाच्या नोंदीनुसार तो दिवसभर कार्यालयात होता. कार्ड दुसऱ्यालाही वापरता येतं, म्हणून त्या दिवसांच्या त्याच्या लॅपटॉपवरच्या कामाच्या नोंदीही जुळवल्या जातात. त्या जुळल्या. ३१ पावत्यांची बेरीज १५,०३५ होते, पण अहवालात सिद्ध म्हणून फक्त त्या ९ चे ४,३६५ लिहायचे. उरलेले १०,६७० "संशयास्पद, स्वतंत्र पुरावा नाही" या सदरात जातात. मोठा आकडा लिहिण्याची घाई केली आणि एक पावती जरी खरी निघाली, तर सगळ्या अहवालावरचा विश्वास उडतो.

खऱ्या आकड्यांत पहिला अंक १ बहुधा सर्वांत जास्त वेळा आणि ९ सर्वांत कमी वेळा येतो, असं सांगणाऱ्या बेनफर्डच्या नियमाचा इथे फारसा उपयोग नाही. वरची मर्यादा ठरलेली आणि नोंदी थोड्या असल्या की पहिल्या अंकांची नैसर्गिक विभागणी मुळातच बिघडलेली असते.

मुलाखती

बाहेरून आत यावं. आधी लेखा विभागातला कारकून, मग दावे मंजूर करणारा अधिकारी आणि संशयित सर्वांत शेवटी. मंजुरी देणाऱ्याने दहा दावे एका मिनिटात पास केल्याचं प्रणालीत दिसत असेल, तर तो निष्काळजीपणा आहे. एवढ्यावरून त्याला सामील ठरवू नये.

संशयितासमोर दोघांनी बसावं, एकाने विचारावं आणि दुसऱ्याने लिहावं. दाराला कडी नको, बाहेर जायची वाट अडवू नये. "कबूल करा, नोकरी वाचेल" असं आश्वासन किंवा पोलिसांची धमकी कबुलीजबाब निरुपयोगी करते. ध्वनिमुद्रण करायचं तर आधी त्या ठिकाणच्या कायद्याचा सल्ला घ्यावा.

सुरुवात पावत्यांनी करू नये. "टॅक्सीचं बिल कसं मिळतं, ते भरतं कोण, दावा केव्हा करता?" असं आधी त्याच्याच तोंडून येऊ द्यावं. चालक प्रत्येक प्रवासानंतर पावती लिहून देतो, असं त्याने सांगितल्यावरच उलट्या क्रमाच्या दोन पावत्या समोर ठेवाव्यात. मग गप्प राहून उत्तराची वाट पाहावी. कदाचित खरं कारण निघेल: चालक पावत्या महिन्याअखेरीस एकदम देत असेल. तसं असेल तर चालकाकडे चौकशी करायची आणि ९ दिवसांचा प्रश्न वेगळा विचारायचा, कारण क्रमांकांच्या खुलाशाने त्या दिवशीची कार्यालयातली हजेरी उलगडत नाही.

चूक आणि लबाडी यांतला फरक हेतूत असतो. म्हणून कबुली आली तरी ती त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी: दावा खोटा आहे हे त्याला माहीत होतं का, कोरं पुस्तक कुठून आलं, आणखी कोणाला ठाऊक होतं. सही घेण्याआधी ते त्याला वाचू द्यावं, खोडाखोड त्याच्याच हाताने करू द्यावी. टिपणं त्याच दिवशी पूर्ण करून दोघा मुलाखतकारांनी सही करावी.

अहवालाचा मसुदा तयार झाला की संशयिताचा खुलासा जसाच्या तसा शेवटी जोडला जातो आणि मगच तो मंजुरी देणाऱ्या समितीकडे जातो. शिस्तभंगाची कारवाई, वसुली की फिर्याद, हे ती समिती ठरवते. ऑडिटरने त्यावर मत देऊ नये.