सांत्वनपर भाषण, शोकसभेतील

शोकसभेतील सांत्वनपर भाषण : मृताच्या आप्तांसमोर दुःख आणि सांत्वन यांविषयी केलेले छोटे भाषण. श्रोते निरनिराळ्या धर्मांचे असले, तर वक्ता बहुधा प्रत्येक धर्मातले एकेक वचन सांगतो. ही वचने मुळात कोणाला आणि केव्हा सांगितली गेली, हे मात्र तो क्वचितच पाहतो, आणि बरीचशी भाषणे तिथेच फसतात.

अशा भाषणांत वारंवार येणारी कथा किसा गोतमीची. तिचे मूल दगावले. ते कडेवर घेऊन ती औषध मागत हिंडली. ज्या घरात कोणी मेलेले नाही, तिथून मोहरी आण, असे बुद्धाने तिला सांगितले. मोहरी दारोदार होती, पण तसे घर एकही नव्हते.

या कथेचा उगम वादग्रस्त आहे. थेरीगाथेत, म्हणजे बौद्ध भिक्षुणींच्या गाथांच्या पाली संग्रहात, किसा गोतमीच्या नावावर असलेल्या गाथांमध्ये मोहरीचा उल्लेखच नाही. उलट दोन मुले आणि पती गमावल्याचा, आईवडील व भाऊ एकाच चितेवर जळाल्याचा जो तपशील तिथे आहे, तो परंपरेने पटाचारा या थेरीचा, म्हणजे ज्येष्ठ भिक्षुणीचा, मानला जातो. दोघींच्या गाथांची सरमिसळ झाली असावी, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. पांढऱ्या मोहरीचा प्रसंग अपदान या पद्यग्रंथात थोडक्यात येतो आणि अट्ठकथांमध्ये, म्हणजे पाली टीकाग्रंथांमध्ये, विस्ताराने. अपदान हा त्रिपिटक या बौद्ध धर्मग्रंथसंग्रहाचा उत्तरकालीन भाग समजला जातो, तर अट्ठकथांचे आजचे रूप साधारण इ. स. पाचव्या शतकाच्या आसपासचे धरतात.

याच आशयाची ग्रीक कथाही आहे. रोमन सम्राट जूलियनच्या (चौथे शतक) एका पत्रात ग्रीक तत्त्वज्ञ डिमॉक्रिटस इराणचा राजा दारियस याला सांगतो, की कधीही शोक न केलेल्या तिघांची नावे राणीच्या थडग्यावर कोरलीस, तर ती जिवंत होईल. ल्यूशन या लेखकाने (दुसरे शतक) डेमोनॅक्स या तत्त्वज्ञाविषयी असाच प्रसंग नोंदवला आहे. कथा पूर्वेकडून पश्चिमेकडे गेली की उलट, याविषयी एकमत नाही. कल्पना दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचण्याइतकी साधी आहे, हेही विसरता येत नाही.

उगमापेक्षा दोन्ही कथांतला फरक वक्त्याला अधिक उपयोगी आहे. डिमॉक्रिटस राजाला निरुत्तर करतो आणि हसतो. बुद्ध मात्र ‘सगळेच मरतात’ असे आधी सांगत नाही. अट्ठकथेत गोतमी एकेका दारात विचारते, आणि उत्तर येते, की जिवंत आहेत ते थोडे, मेलेलेच फार. म्हणजे प्रत्येक दारात तिला दुसऱ्याचे दुःख ऐकावे लागते. मग ती मुलाचे शव आपणहून खाली ठेवते, आणि उपदेश त्यानंतर येतो. भाषणात ही पायपीट गाळून थेट तात्पर्य सांगितले, की बुद्धाच्या कथेचा डिमॉक्रिटस होतो. मूल गमावलेल्या आईला ते ‘तुझेच काय विशेष’ असे ऐकू येते.

वेळेचे हे भान इतर परंपरांतही आहे. मिश्ना या ज्यू धर्मग्रंथातील ‘आवोत’ (४.१८) या प्रकरणात रब्बी शिमोन बेन एलाझार बजावतात, की मृत समोर असताना माणसाचे सांत्वन करू नये. बायबलात मुले गमावलेल्या ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस, सात रात्री जमिनीवर गप्प बसले, आणि त्यांचे चुकले ते बोलू लागल्यावर. इस्लाममध्ये पैगंबरांच्या वचनांनुसार मृतासाठी विलाप करून गाल बडवणे निषिद्ध असले, तरी अश्रूंना मनाई नाही. मुलगा इब्राहीम अखेरचे श्वास घेत असताना पैगंबरांच्या डोळ्यांत पाणी आले, असे बुखारीच्या हदीससंग्रहात आहे. डोळे पाझरतात, हृदय दुःखी होते, पण आम्ही आमच्या प्रभूला आवडेल तेच बोलतो, हे उद्गार त्याच प्रसंगीचे. योहानाच्या शुभवर्तमानात (११.३५) येशू मृत मित्र लाजरला पुन्हा जिवंत करण्यापूर्वी रडतो.

‘जातस्य हि ध्रुवो मृत्युः’ (गीता २.२७) हे वचन शोकसभेत सर्रास येते. ते मात्र युद्धाआधीचे आहे. अर्जुनाचे तोवर कोणी गेलेले नव्हते. प्रत्यक्ष मृत्यूनंतरचे सांत्वन पाहायचे तर महाभारतातले युद्धानंतरचे स्त्रीपर्व वाचावे. तिथे विदुर शंभर पुत्र गमावलेल्या धृतराष्ट्राला पुष्कळ समजावतो. तरीही थोड्याच अध्यायांनंतर धृतराष्ट्र भीमाचा लोखंडी पुतळा मिठीत चुरडतो, आणि भीम मेला असे वाटून रडू लागतो. उत्तम उपदेशानंतरही राग मागे उरतो, हे महाभारतकाराने लपवलेले नाही.

मृत्यू ताजा असेल, तर आठ-दहा मिनिटांच्या भाषणात यातला एकच प्रसंग पुरतो. तरुण मुलगा गेलेल्या घरासमोर गीतेपेक्षा इब्राहीमचा किंवा लाजरचा प्रसंग आधी यावा, कारण त्यात सांगणारा स्वतः रडतो. गोतमीची कथा काही आठवड्यांनंतरच्या सभेसाठी राखावी, आणि सांगताना निदान दोन-तीन दारे तरी गाळू नयेत.