परकीय चलनातील कर्ज आणि चलनाची घसरण

सरकारने किंवा कंपनीने परदेशी चलनात घेतलेल्या कर्जाचा बोजा देशी चलन घसरल्यावर वाढतो. कर्जाची रक्कम डॉलरमध्ये ठरलेली असते, पण कर किंवा विक्रीचे उत्पन्न देशी चलनात येते. त्यामुळे तेवढेच डॉलर घ्यायला जास्त देशी चलन मोजावे लागते.

इंडोनेशियात १९९७-९८ साली याची तीव्रता दिसली. १९९७ च्या मध्यास एका डॉलरला सुमारे २,४०० रुपिया पडत. १४ ऑगस्टला रुपियाचा विनिमय दर बाजारावर सोडण्यात आला आणि जानेवारी १९९८ मध्ये तो १०,००० च्या पलीकडे गेला. समजा, एका कंपनीची मालमत्ता ४,००० कोटी रुपियांची असून तिच्यावर १ कोटी डॉलरचे कर्ज आहे. जुन्या दराने कर्ज २,४०० कोटींचे होते आणि भागधारकांचे १,६०० कोटी शिल्लक राहत. दर ४,००० झाला की हे भांडवल शून्यावर येते. दर १०,००० झाला की कर्ज १०,००० कोटींचे होते, म्हणजे मालमत्तेच्या अडीचपट. व्याजही त्याच प्रमाणात, चौपटीहून अधिक वाढते. या काळात कंपनीने एक डॉलरही नव्याने उचललेला नसतो.

मुदत जवळ आलेल्या कंपन्या दर आणखी चढण्याच्या धास्तीने डॉलर विकत घेऊ लागतात आणि त्या खरेदीनेच रुपिया आणखी खाली जातो. इंडोनेशियात खासगी कर्जाचा मोठा भाग अल्पमुदतीचा होता, म्हणून हे चक्र वेगाने फिरले.

अशी कर्जे मुळात का घेतली जातात, याबद्दल मतभेद आहेत. अर्थतज्ज्ञ बॅरी आयकेनग्रीन व रिकार्डो हाउसमन यांनी १९९९ मध्ये ‘मूळ पाप’ ही संकल्पना मांडली. बहुतेक देशांना स्वतःच्या चलनात परदेशातून कर्ज मिळतच नाही, असा तिचा आशय आहे. मॉरिस गोल्डस्टीन व फिलिप टर्नर यांचा भर मात्र देशांतर्गत धोरणे आणि दुबळ्या संस्थांवर आहे. इंडोनेशियापुरते हे दुसरे मत अधिक पटते. तेथे रुपिया वर्षाला थोडा थोडाच घसरू दिला जाई, त्यामुळे विनिमय जोखमीचे संरक्षण घेणे, म्हणजे पुढे लागणाऱ्या डॉलरचा दर आधीच करार करून ठरवणे, कंपन्यांना अनावश्यक खर्च वाटे. हे संरक्षण फुकट नसते. त्याची किंमत साधारणपणे दोन चलनांच्या व्याजदरांतील फरकाएवढी असते, म्हणजे परदेशी कर्जाचा स्वस्तपणा बहुतांशी त्यातच संपतो. निर्यातदाराचे उत्पन्नच डॉलरमध्ये असल्याने त्याला ही झळ कमी बसते.

सरकारचीही कोंडी अशीच होते. अर्जेंटिनाने जानेवारी २००२ मध्ये एक पेसो म्हणजे एक डॉलर ही बांधणी सोडली. वर्षाच्या मध्यापर्यंत पेसोची किंमत एक तृतीयांशाच्याही खाली गेली. कर पेसोत जमा होत होते, पण सरकारी कर्जाचा बहुतांश भाग परकीय चलनात होता. देशी चलनातील कर्ज सरकारला निदान नोटा छापून फेडता येते. येथे तो मार्ग बंद असतो, कारण जादा छापलेले पेसो डॉलर आणखी महाग करतात.