सबटायटलमधील वाक्यतोड आणि क्रियापद

पडद्यावरच्या जागेच्या किंवा वेळेच्या मर्यादेमुळे सबटायटलचे वाक्य मध्येच तुटणे म्हणजे वाक्यतोड. इंग्रजीतून मराठीत येणाऱ्या सबटायटलांत ती विशेष घातक ठरते. इंग्रजीत क्रियापद कर्त्यामागोमाग येते, तर मराठीत ते बहुधा शेवटी असते आणि नकारही त्याच्यासोबत शेवटी जातो. वाक्याची शेपटी कापली गेली की प्रथम तेच दोन्ही जातात.

ओटीटीवर एका सबटायटलला सामान्यतः दोन ओळी, एका ओळीला सुमारे ४२ चिन्हे आणि जास्तीत जास्त ७ सेकंद मिळतात. देवनागरीत अडचण अशी की अनेक साधने मात्रा, अनुस्वार आणि हलन्त वेगळे मोजतात. त्यामुळे ‘झ्या’ हे डोळ्याला एक अक्षर असले तरी मोजणीत चार चिन्हे होतात. पुढील वाक्य पाहा:

‘घर विकेन असं मी तुझ्या भावाला कधीच म्हणालो नव्हतो.’

यात अक्षरे २२ आहेत, पण जागा आणि पूर्णविराम धरून चिन्हे ५० भरतात. ओळ ४२व्या चिन्हावर कापली, तर ती नेमकी ‘म्हणालो’पाशी संपते. उरते ते ‘घर विकेन असं मी तुझ्या भावाला कधीच म्हणालो’. नकार गेला, आणि ‘कधीच’चा अर्थही फिरला: नकारासोबत तो ‘एकदाही’ असा होता, आता ‘फार पूर्वीच’ असा झाला. घर विकेन असे म्हटल्याचे नाकारणारे पात्र पडद्यावर आपण शब्द देऊन बसल्याचे सांगते. वाक्य व्याकरणाने धड दिसत असल्याने प्रेक्षकाला शंकाही येत नाही, आणि म्हणून ही तूट अर्धवट शब्दापेक्षा वाईट. ‘नव्हतो’ पुढच्या सबटायटलमध्ये ढकलले तरी हानी होते, कारण तोवर प्रेक्षकाने पहिला अर्थ मनात पक्का केलेला असतो.

यावरचा उपाय बोलीतच आहे. मराठी माणूस ठासून बोलताना क्रियापद पुढे घेतो आणि बाकीचे मागून जोडतो. अनुवादक तीच चाल वापरतो:

```
14
00:03:21,000 --> 00:03:24,000
मी नव्हतो म्हणालो तुझ्या भावाला,
घर विकेन म्हणून.
```

पहिली ओळ ३२ चिन्हांची आहे. दुसरी दिसली नाही तरी नकार आणि क्रियापद शाबूत राहतात. ‘कधीच’ सोडावे लागले, पण त्याचा जोर पुढे आलेल्या ‘नव्हतो’ने बराच भरून निघतो. तपासताना प्रत्येक सबटायटलची फक्त पहिली ओळ वाचून पाहावी. तिच्यातून उलटा अर्थ निघत असेल, तर वाक्य पुन्हा बांधावे. ही चाल सर्रास वापरू नये, हेही तितकेच खरे. प्रत्येक ओळीत क्रियापद पुढे आले, तर शांत पात्रही तावातावाने बोलल्यासारखे वाटते.

काही वाक्यांना क्रियापदाची गरजच नसते. न्यायालयातल्या प्रसंगात ‘आरोपीला दोषी ठरवण्यात येत नाही’ ऐवजी ‘आरोपी निर्दोष.’ पुरते, कारण नकार नामाच्या जवळच्या शब्दात मुरला आहे. कुठून आलास, या प्रश्नाला ‘पुण्याहून’ एवढे उत्तर पूर्ण आहे, येण्याचे काम तिथे विभक्ती करते. मात्र प्रत्येक प्रत्ययावर इतका भार टाकता येत नाही. ‘आईचं पत्र!’ म्हटले की ते आले हे कळते, पण ‘आईला पत्र…’ म्हटल्यावर ते लिहिले, दिले की सापडले, हे ठरत नाही. तिथे दुसरे काहीही गाळावे, पण क्रियापद ठेवावे.

सर्वांत अवघड प्रसंग म्हणजे मूळ संवादच अर्धवट तोडलेला असतो तो. इंग्रजी पात्र ‘I saw your…’ एवढे बोलून, कुणाला किंवा काय पाहिले ते सांगायच्या आत गप्प होते. तिथे क्रिया कळते आणि कर्म दडलेले राहते. मराठीच्या नेहमीच्या क्रमाने ‘मी तुझ्या…’ असे लिहिले, तर क्रियाच नाहीशी होते आणि प्रसंगातला ताण विझतो. म्हणून ‘पाहिलं मी तुझ्या…’ असे लिहितात. पण इथे लिंगाची दक्षता घ्यावी लागते. दडलेली व्यक्ती असेल, तर ‘भावाला पाहिलं’ आणि ‘बहिणीला पाहिलं’ अशी दोन्ही रूपे सारखीच असल्याने रहस्य टिकते, ‘तुझ्या’ही काही फोडत नाही. दडलेली वस्तू असेल, तर मात्र ‘पाहिली मी तुझी…’ लिहिताच ती स्त्रीलिंगी असल्याचे उघड होते, आणि मूळ लेखकाने पुढच्या प्रसंगासाठी राखलेली गोष्ट आधीच फुटते. अशा वेळी ‘मला कळलंय, तुझ्याकडे…’ अशी वेगळी रचना घ्यावी लागते. त्यासाठी अनुवादकाला पुढचा प्रसंग आधी पाहिलेला असावा लागतो. सुटे संवाद हातात देऊन हे काम नीट होत नाही.