आकुंचन आणि संकोच: सरकत्या सिम्प्लेक्सच्या दोन पायऱ्या

ज्या फलनाचे विकलज काढता येत नाही त्याचे किमान मूल्य शोधण्यासाठी नेल्डर–मीड पद्धतीत बिंदूंचा एक सिम्प्लेक्स सरकवत नेतात. दोन चलांसाठी तो त्रिकोण असतो, n चलांसाठी n+1 शिरोबिंदूंचा. दर फेरीत सर्वांत वाईट शिरोबिंदू उरलेल्यांच्या मध्यातून पलीकडे परावर्तित करायचा. नवा बिंदू चांगला निघाला तर ठेवायचा आणि फारच चांगला निघाला तर त्याच दिशेने आणखी पुढे जाऊन पाहायचे. इथवर फारसा गोंधळ होत नाही. तो होतो परावर्तन फसल्यावर, कारण त्यानंतर सिम्प्लेक्स लहान करणाऱ्या दोन पायऱ्या आहेत आणि अनेकजण त्या एकच समजतात. पहिली आकुंचन, दुसरी संकोच.

आकुंचनात फक्त वाईट शिरोबिंदू हलतो. परावर्तित बिंदू दुसऱ्या क्रमांकाच्या वाईटापेक्षा चांगला नाही, पण सर्वांत वाईटापेक्षा चांगला आहे, अशा वेळी मध्यबिंदू आणि परावर्तित बिंदू यांच्या अर्ध्या वाटेवर मूल्य काढतात. हे बाहेरचे आकुंचन. परावर्तित बिंदू सर्वांत वाईटाइतका किंवा त्याहूनही वाईट असेल तर मध्यबिंदू आणि जुना वाईट शिरोबिंदू यांच्या मधोमध पाहतात. हे आतले. दोन्हींत जादा मूल्यमापन एकच लागते. संकोचात मात्र सर्वोत्तम शिरोबिंदू जागेवर राहतो आणि बाकीचे सगळे त्याच्याकडे निम्मे अंतर सरकतात. तिथे n मूल्ये नव्याने काढावी लागतात. संकोच हा आकुंचनाला पर्याय नाही. आकुंचन करून पाहिले आणि तेही फसले, तरच त्याची पाळी येते.

आधी सरळ उदाहरण घेऊ. f = x² + 4y² आणि शिरोबिंदू (1, 0), (0, 1), (2, 2). मूल्ये 1, 4 आणि 20. (2, 2) बाजूला ठेवला तर उरलेल्या दोघांचा मध्य (0.5, 0.5) आणि परावर्तित बिंदू (−1, −1), मूल्य 5. हे 20 पेक्षा कमी असले तरी 4 पेक्षा जास्त आहे, म्हणून बाहेरचे आकुंचन: (−0.25, −0.25), मूल्य 0.3125. ते 5 पेक्षा जास्त नाही, म्हणून स्वीकारायचे. त्रिकोणाचे क्षेत्रफळ 1.5 वरून 0.75 झाले आणि सर्वोत्तम बिंदूही बदलला.

संकोच पाहायला वाकडी दरी लागते. रोझेनब्रॉकच्या f = 100(y − x²)² + (1 − x)² या फलनावर तिन्ही शिरोबिंदू दरीच्या तळाशीच ठेवू: (0, 0), (−1, 1), (−1.5, 2.25). मूल्ये 1, 4 आणि 6.25. पहिल्या दोघांचा मध्य (−0.5, 0.5) असला तरी दरी वळलेली असल्यामुळे तो तळाशी नसून उतारावर आहे. परावर्तित बिंदू (0.5, −1.25), मूल्य 225.25. म्हणून आतले आकुंचन: (−1, 1.375), मूल्य 18.0625. हे 6.25 पेक्षा कमी नाही, म्हणजे आकुंचनही फसले. आता संकोच: (0, 0) तसाच राहतो, बाकीचे (−0.5, 0.5) आणि (−0.75, 1.125) इथे येतात. त्यांची मूल्ये 8.5 आणि सुमारे 34.7.

इथे थोडे थांबावे. संकोचानंतर दोन्ही नवे शिरोबिंदू आधीच्यापेक्षा वाईट झाले आहेत. लॉगमध्ये सरासरी मूल्य असे उसळलेले दिसले की कोड बिघडला असे वाटते, पण हे वागणे बरोबर आहे. आकुंचन स्वीकारताना नव्या मूल्याची चाचणी होते, संकोचाला चाचणीच नसते. त्यात फक्त सर्वोत्तम मूल्य बिघडत नाही, एवढीच हमी आहे. म्हणून प्रगती मोजायची तर सर्वोत्तम मूल्यावरून मोजावी, सरासरीवरून नाही.

दुसरा फरक आकाराचा. संकोचाने सिम्प्लेक्स समरूप राहतो, नुसता छोटा होतो. वरच्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ भागिले सर्वांत लांब बाजूचा वर्ग हे गुणोत्तर संकोचाआधी सुमारे 0.051 होते आणि नंतरही तेवढेच आहे. क्षेत्रफळ मात्र चौथाईवर आले. n चलांत घनफळ 2ⁿ पटीने घटते, म्हणजे 10 चलांत एका झटक्यात 1024 पट, तर आकुंचनाने कितीही चले असली तरी निम्मेच. आकुंचन आकार बदलते. कधी तो सुधारतो (पहिल्या उदाहरणात गुणोत्तर 0.3 वरून 0.375 झाले), कधी सिम्प्लेक्स चपटा होत जातो.

या चपटेपणाचा धोका मॅकिनन यांनी 1998 साली दाखवला. दोन चलांच्या, काटेकोरपणे बहिर्वक्र अशा एका फलनावर सर्वोत्तम बिंदू जागेवर राहतो, दर फेरीत आतले आकुंचन यशस्वी होते आणि त्रिकोण चपटा होत होत अशा ठिकाणी मिटतो जिथे किमान मूल्य नाहीच. या सगळ्यात संकोचाची पाळी एकदाही येत नाही, आणि आली असती तरी चपटेपणा गेला नसता. अशा वेळी सापडलेल्या सर्वोत्तम बिंदूभोवती नव्याने चपटा नसलेला सिम्प्लेक्स उभारून पुन्हा सुरुवात करणे हाच साधा उपाय. बाजू आखडत आहेत, वरचे गुणोत्तर शून्याकडे चालले आहे आणि सर्वोत्तम बिंदू बऱ्याच फेऱ्या तोच आहे, अशी तिन्ही लक्षणे एकत्र दिसली की थांबायच्या निकषावर विश्वास ठेवू नये.

त्याच वर्षी लगारियास आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केलेली एक गोष्ट कोड तपासायला फार उपयोगी आहे: काटेकोरपणे बहिर्वक्र फलनावर संकोच कधीच होत नाही. कारण सोपे आहे. मध्यबिंदूचे मूल्य उरलेल्या शिरोबिंदूंतल्या सर्वांत वाईटापेक्षा जास्त असू शकत नाही. आतल्या आकुंचनाचा बिंदू हा मध्य आणि वाईट शिरोबिंदू यांच्यामध्ये असतो, म्हणून त्याचे मूल्य वाईटापेक्षा कमीच येते आणि तो स्वीकारला जातो. बाहेरच्या आकुंचनाला हाच तर्क परावर्तित बिंदूशी लावावा. म्हणून नवा कोड आधी x² + 4y² वर चालवून संकोच मोजावेत. एकही झाला तर तुलना चुकलेली असण्याची शक्यता मोठी. अगदी शेवटी, मूल्यांतले फरक दशांशांच्या पूर्णांकनातल्या त्रुटीइतके उरल्यावर तो झाला, तर गोष्ट वेगळी.

बाहेरच्या आकुंचनातली तुलना वेगळी तपासावी: तिथे नवे मूल्य परावर्तित बिंदूशी ताडायचे, जुन्या वाईटाशी नाही. दुसरी नेहमीची चूक संकोचात होते. बिंदू हलवले जातात, पण मूल्ये जुनीच राहतात. खाली sim ही सर्वोत्तमापासून क्रमाने लावलेल्या शिरोबिंदूंची NumPy सारणी आहे आणि fs ही त्यांची मूल्ये.

```python
sim[1:] = sim[0] + 0.5*(sim[1:] - sim[0])
fs[1:] = [f(p) for p in sim[1:]]
```

दुसरी ओळ विसरली तर पुढची क्रमवारी खोट्या मूल्यांवर लागते आणि त्रुटीचा संदेशही येत नाही. या दोन ओळींनंतर शिरोबिंदू मूल्यांनुसार पुन्हा क्रमाने लावावेत. रोझेनब्रॉकच्या उदाहरणात संकोचाआधी (−1.5, 2.25) सर्वांत वाईट होता आणि त्याच्या जागी आलेला बिंदूही वाईटच राहिला, पण हा योगायोग आहे.

मूल्यांत गोंगाट असेल, उदाहरणार्थ ती मोजमापातून येत असतील, तर काटेकोरपणे बहिर्वक्र फलनावरही संकोच होऊ लागतात. नशिबाने कमी आलेले एखादे मूल्य सर्वोत्तम म्हणून बसते, बाकीचे त्याच्याकडे आखडतात आणि बाजू लहान झाल्या की मूल्यांतला खरा फरक गोंगाटाखाली दबतो. संकोच लागोपाठ येऊ लागले तर सर्वोत्तम बिंदूवरचे मूल्य पुन्हा मोजून पाहावे. ते लक्षणीय वर गेले तर गुणांक बदलत बसण्याआधी प्रत्येक बिंदूवर अनेक मोजमापांची सरासरी घ्यावी आणि सुरुवातीच्या बाजू मोठ्या ठेवाव्यात.